लवणीतली गाठ आणि आत्याचं एरंडेल

"गुडघ्याच्या मागे लवणीत गाठ आली तर घाबरू नका, तो साठलेला वात आहे. १) लवणीत हाड नसते, नुसती चरबी असते, कितीही दाबले तरी अपाय नाही. २) कोमट एरंडेल लावून सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून गाठ फोडा. ३) पोटरी सुजली तर समजा वात खाली उतरतो आहे, मालीश चालू ठेवा. ४) सोनोग्राफी करू नका. ऑपरेशन केले तरी गाठ परत येते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

हा फॉरवर्ड मला माझ्या सख्ख्या आत्याकडून आला. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते, हे तिला चांगलं माहीत आहे. तरी खाली हात जोडलेली तीन चित्रं आणि "काकांना दोन दिवसांत फरक पडला गं!" काकांना कसला फरक पडला होता ते पुढे सांगते. आधी ती चरबी.

गुडघा किंचित वाकवा आणि मागे हात लावा. बाहेरच्या बाजूला ताणलेल्या दोरीसारखा एक कंडरा लागेल, आतल्या बाजूला दोन. खालून पोटरीच्या स्नायूची दोन डोकी वर येऊन यांना भिडतात. या पाचांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा जो खळगा राहतो, तीच लवण. त्यात चरबी असते, हे कबूल. पण पेटीत काचेची भांडी ठेवताना भुसा भरतात, तशी ती आहे. भुसा दिसला म्हणून पेटीवर कोणी नाचत नाही.

त्या भुशात सगळ्यात वर, कातडीजवळ, तळव्याकडे जाणारी मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, आहे. तिच्या खाली गुडघ्याखालच्या पायाचं रक्त वर नेणारी शीर, आणि सगळ्यात खोल, हाडाला जवळजवळ चिकटून, पॉप्लिटिअल धमनी. म्हणजे "हाड नसते" हेही खोटंच, खळग्याचा तळ मांडीच्या हाडाचाच आहे. गुडघ्याखालच्या अख्ख्या पायाला रक्त देणारी मुख्य वाट ही एकच. गुडघ्याभोवती लहान फाटे आहेत, पण मुख्य धमनी अचानक बंद झाली तर ते पुरे पडत नाहीत. बाहेरच्या कंडऱ्याला लागून आणखी एक नस खाली जाते. ती दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल फरफटते. अंगठ्याने दाबायला लोकांनी नेमकी हीच जागा शोधावी, याचं मला नवल वाटतं.

आता गाठ. लवणीतली बहुतेक फुगवटी खरंच साधी असतात, एवढं त्या अनामिक वैद्यबुवांना देऊन टाकते. गुडघ्याची झीज, फाटलेली गादी किंवा संधिवात असला की सांध्यात जास्त पाणी होतं. ते मागच्या एका पिशवीत शिरतं आणि झडपेसारख्या वाटेमुळे सहज परत येत नाही. विल्यम मॉरंट बेकर या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८७७ मध्ये यावर लिहिलं, म्हणून हिला बेकर्स सिस्ट म्हणतात. ती आतल्या बाजूला असते, पाय सरळ केला की घट्ट लागते आणि वाकवला की मऊ पडते. आत्याची गाठ हीच. ती वात नाही, तिच्या झिजलेल्या गुडघ्याचं पाणी आहे.

काकांची वेगळी होती. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं बिडी. गाठ मध्यभागी, पाय वाकवला तरी तशीच. मी दोन बोटं तिच्या दोन्ही कडांना हलकेच ठेवली, तर प्रत्येक ठोक्याला ती एकमेकांपासून दूर ढकलली जात होती. शेजारच्या धमनीचा ठोका गाठीतून नुसता पोचत असेल तर बोटं वर उचलली जातात, लांब सरत नाहीत. आणि ही धमनी इतकी खोल असते की निरोगी माणसात तिचा ठोका शोधायला माझ्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो. तो आपणहून हाताशी आला तर आनंद मानायचा नसतो.

मी तेल पुसलं आणि पावलं पाहिली. उजव्या पायाच्या दोन बोटांवर निळसर ठिपके होते. आत्या म्हणाली, "चप्पल चावली असेल." डॉपलर सोनोग्राफीत उजवी धमनी २.८ सेंटिमीटर फुगलेली निघाली आणि तिच्या भिंतीला आतून गुठळ्यांचे थर. निरोगी धमनी सहसा एक सेंटिमीटरही नसते. डावी १.६ होती.

पोटातली महाधमनी फुगली तर फुटण्याची भीती असते. लवणीतली क्वचितच फुटते. तिच्यातल्या गुठळीचे कण सुटून पावलात अडकतात, तेच ते ठिपके. नाहीतर एक दिवस ती पूर्ण बंद होते आणि पाऊल थंड, पांढरं, बधिर पडतं. मग पाय वाचवायला तासांचा हिशेब असतो. अशा धमनीवर दिवसातून दोनदा अंगठा रोवणं म्हणजे काय, हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते आत्याकडे बघत राहिले. अमेरिकेच्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीने २०२२ मध्ये या आजारासाठी मार्गदर्शक तत्त्वं छापली. त्यांत त्रास नसला तरी दोन सेंटिमीटर किंवा जास्त फुगवट्याला दुरुस्ती सुचवली आहे, शिवाय दुसरा पाय आणि पोटातली महाधमनी तपासायला सांगितलं आहे, कारण ही फुगवटी पुष्कळदा जोडीने येतात. काकांच्या पोटातली सुदैवाने ठीक होती.

तिसरा मुद्दा लिहिणाऱ्याला मात्र मी माफ करणार नाही. बेकर्स सिस्ट खरंच फुटते आणि पाणी पोटरीत उतरतं, इथवर अर्धसत्य आहे. पण पोटरी सुजली, तापली, दुखली, तर खोल शिरेत गुठळी झाल्यावरही नेमकं असंच दिसतं. नुसत्या नजरेने मलाच काय, मुरलेल्या डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. सिस्ट फुटल्यावर कधीकधी आतल्या घोट्याखाली चंद्रकोरीसारखा काळानिळा डाग उमटतो, पण तो दिसलाच पाहिजे असं नाही, आणि सिस्ट शिरेला दाबत असेल तर दोन्ही एकत्रही असू शकतात. लवणीतल्या शिरेतली गुठळी चोळून सुटली तर ती सरळ फुप्फुसात जाते. उलट चूकही महाग पडते: फुटलेल्या सिस्टला गुठळी समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं, तर पोटरीत रक्तस्राव होऊ शकतो.

हा गोंधळ सोडवते ती बहुतेक वेळा तीच सोनोग्राफी, जी करू नका म्हणतात. तपासणारा प्रोबने शीर हलकेच दाबतो. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. आणि हो, ऑपरेशननंतर बेकर्स सिस्ट परत येते, हेही बऱ्याचदा खरं आहे. सांध्यात पाणी का होतंय ते न बघता नुसती पिशवी काढली तर दुसरं काय होणार? म्हणूनच आत्याच्या गाठीला कोणी सुरी लावलेली नाही. तिच्या गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत, कुरकुर करत.

काकांच्या मांडीतली शीर काढून फुगवट्याला वळसा घालणारी वाट शिवली. डाव्या पायाची सोनोग्राफी ठरावीक काळाने होत राहील. एरंडेलाची बाटली आत्याने देवघरातल्या समईसाठी ठेवली आहे, आणि तो फॉरवर्ड तिने ज्या अकरा जणांना पाठवला होता त्यांची यादी मी मागितली आहे.