धुण्याची पावडर आणि माझं डिझायर

भाची मास मीडियाला आहे. प्रोजेक्टसाठी तिला एक ‘टार्गेट कस्टमर’ हवा होता आणि घरात रिकामा मीच सापडलो. "मामा, तू फक्त जाहिराती बघ आणि काय वाटतं ते सांग." पहिली जाहिरात लागताच मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "थांब, तुला अजून काही वाटायचं नाहीये. तू आत्ता अटेन्शनमध्ये आहेस."

आयडा नावाचा हा जिना एल्मो लुईस या अमेरिकन जाहिरातवाल्याच्या नावावर १८९८ पासून चालत आलाय. आधी लक्ष वेधायचं, मग उत्सुकता, मग हाव आणि शेवटी खरेदी. अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, ॲक्शन. गिऱ्हाईक एकेक पायरी चढतं असं गृहीत धरलंय. आमच्या घरात डिझायर एकाला होतं आणि ॲक्शन दुसरीच करते, याची त्यात सोय नाही.

विषय धुण्याच्या पावडरी. पहिली निरमा. पांढऱ्या फ्रॉकची गिरकी आणि ते गाणं. लक्ष वेधायचं काम तिथेच फत्ते. भाचीने वहीत ‘इमोशनल अपील’ लिहिलं. मी म्हटलं, खोड ते. गाणं लोकांच्या ओठांवर होतं, पण पिशवीत पावडर पडली ती भावामुळे. करसनभाई पटेलांची निरमा साडेतीन रुपये किलोच्या घरात आणि सर्फ तेराच्या आसपास, असे तेव्हाचे भाव कायम सांगितले जातात. आईने आयुष्यात एकही जाहिरात शेवटपर्यंत पाहिली नाही, पण हा फरक तिला तोंडपाठ होता. गाणं दारापर्यंत नेतं, हिशोब आत ढकलतो.

मग आल्या ललिताजी. निरमाने गिऱ्हाईक पळवल्यावर सर्फने ऐंशीच्या दशकात जाहिरातकार अलेक पदमसींच्या हातून उतरवलेल्या. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई महाग पावडर का घेते, असं पडद्यामागचा ‘भाईसाहब’ विचारतो आणि ती त्याला स्वस्त आणि चांगलं यातला फरक सुनावते. अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर! भाचीने हर्षाने लिहिलं, ‘रॅशनल अपील, आदर्श उदाहरण.’

इथे मात्र मी कागद-पेन्सिल मागवली. अर्धा किलो सर्फ म्हणजे साडेसहा रुपये. एक किलो निरमा साडेतीन. दावा अक्षरशः खरा धरला तरी तीन रुपये निरमाच वाचवते!

भाची बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. "मग लोकांनी ऐकलं कशाला?"

ऐकलं, कारण ललिताजी हिशोब विकतच नव्हत्या. त्या दरारा विकत होत्या. त्या आवाजात कुणी ‘समझदारी’ म्हटलं की आपण नकळत पाठ ताठ करून बसतो. स्वस्त पावडर घेणारी बाई गरीब नाही, नासमज ठरते, आणि शेजारच्या वहिनींसमोर नासमज ठरण्याची तयारी कुणाची असते? आकड्यांचा पदर घेतलेली शुद्ध भावनाच ती! तर्काची जाहिरात ओळखायची असेल तर तिच्यातला आकडा खरोखर मांडून बघावा. बहुतेकदा तो नुसता शोभेला ठेवलेला असतो.

तिसरी, ‘दाग अच्छे हैं’. बहीण चिखलात पडते, भाऊ चिखलालाच बदडतो, त्याच्याकडून सॉरी म्हणवून घेतो. भाव नाही, ग्रॅम नाही. माझे डोळे पाणावले आणि भाचीने त्याची लगेच नोंद घेतली. (टार्गेट कस्टमरला खासगी आयुष्य नसतं.) ही मला तिघींत सर्वांत चतुर वाटली. रडवणाऱ्या कितीतरी जाहिरातींत आजोबा काढून विमा घाला किंवा विमा काढून चहा घाला, फरक पडत नाही. इथे डाग काढला तर गोष्टच उरत नाही, आणि डाग निघणार हे न सांगताच सांगून झालेलं असतं. फक्त डिझायर पावडरचं होत नाही, असा भाऊ पोटी यावा याचं होतं. तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. शिवाय युनिफॉर्म चिखलात घोळवून आलेल्या पोराला आमच्याकडे आधी धपाटा मिळतो, पावडर नंतर.

प्रोजेक्टला ॲक्शनचा पुरावा हवा, म्हणून संध्याकाळी भाची आम्हा दोघांमागे सुपरमार्केटात वही घेऊन फिरली. बायकोने क्षणभर रांग न्याहाळली आणि जिचं नाव आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं अशी पिशवी उचलली.

"मामी, अपील कुठलं?"

"यावर मग फुकट आहे," बायको म्हणाली. मग तिने प्लॅस्टिकच्या मगाचा दांडा वाकवून बघितला, ती पिशवी परत ठेवली आणि दुसरी घेतली. "याचा दांडा जाड आहे."