ब्रॉन्कोस्कोपीच्या वेळी बुडल्यासारखे का वाटते : एका प्रतिक्रियेला उत्तर

"डॉक्टर मॅडम, तुमचा लेख वाचूनच मी ७१ वर्षांच्या वडिलांना टीबीच्या शंकेसाठी दुर्बीण करून घ्यायला राजी केलं. 'थोडा खोकला येतो, फारसा त्रास होत नाही' हे तुमचं वाक्य सरळसरळ खोटं आहे. वडील म्हणाले, पाण्यात बुडवल्यासारखं झालं. गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं, तरी त्यांना सगळं आठवतंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि खर्च यावर लेखात एक अक्षर नाही. डॉक्टरांवर कधी त्या टेबलावर झोपायची वेळ येत नाही, म्हणून असं लिहिता येतं."

नमस्कार. आपल्या वडिलांना झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परंतु 'खोटे' हा शब्द मला लागला, हे आधीच सांगते. माझे वाक्य अपुरे आहे असे आपण म्हटले असते, तर मी तेथेच मान्य केले असते, कारण ते अपुरे आहेच. 'थोडा' हा शब्द मी आजच काढून टाकला आहे. पण अपुरे लिहिणे वेगळे आणि माहीत असून लपवणे वेगळे. आपण माझ्यावर दुसरा आरोप केला आहे, आणि तोही माझ्याविषयी काहीच माहिती नसताना.

मी त्या टेबलावर झोपले आहे. २०१६ च्या पावसाळ्यात मला दोन महिने खोकला होता, एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसत होता आणि थुंकी तपासायला द्यायची तर कोरड्या खोकल्यातून काही पडतच नव्हते. अशा रुग्णासाठीच ही तपासणी असते. डाग दिसतो, पण तो कशाचा हे कळत नाही. तेव्हा दुर्बीण नाकातून किंवा तोंडातून श्वासनलिकेत आणि तेथून त्या विशिष्ट फांदीपर्यंत नेऊन तेथलाच नमुना आणावा लागतो. सहा तास पोटात अन्न नको आणि दोन तास पाणीही नको, हे मी पाळले होते, कारण घसा बधिर असताना उलटी झाली तर ती सरळ श्वासनलिकेत जाऊ शकते. गुंगीचे इंजेक्शन मी घेतले नव्हते. आपल्याकडे अनेक ठिकाणी ही तपासणी केवळ घसा बधिर करूनच होते, आणि मला ते सहज जमेल असे वाटले होते.

घशात लिग्नोकेनचा फवारा मारला की जिभेवर कडवट चव येते आणि थोड्या वेळाने घशात गोळा अडकल्यासारखे वाटू लागते. गिळता येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात घसा सुजलेला नसतो, केवळ त्याची जाणीव गेलेली असते. हा परिणाम पुरता यायला तीन-चार मिनिटे थांबावे लागते. माझ्या वेळी तेवढे कोणी थांबले नाही. दुर्बीण नाकातून आत गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आले, ते अपेक्षितच होते. पण ती स्वरतंतूंना टेकली तेव्हा असा ढास लागला की श्वास घ्यायला मधे जागाच उरली नाही. सिस्टरने माझा हात धरला होता. तिच्या हातमोज्याचे रबर माझ्या मुठीत गोळा होऊन ताणले गेले होते, आणि माझ्या मनात एकच विचार होता, की आता हे बाहेर काढा. माझ्या बोटाला लावलेल्या यंत्रावर त्या वेळी ऑक्सिजन ९५ होता. हे मला नंतर सांगितले गेले आणि डॉक्टर असूनही माझा त्यावर चटकन विश्वास बसला नाही.

म्हणून आपल्या वडिलांचे 'बुडवल्यासारखे' हे शब्द मला अतिशयोक्तीचे वाटत नाहीत. ते इतके नेमके आहेत, की तपासणीच्या कोणत्या टप्प्यावर त्यांना तसे वाटले असेल याचा मला अंदाज करता येतो.

मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १८ मिलिमीटर रुंद असते आणि दुर्बिणीची नळी सुमारे ६ मिलिमीटर जाड. म्हणजे नळी आत असताना श्वासनलिकेची साधारण नववा हिस्सा जागा अडते आणि उरलेल्या जागेतून हवा ये-जा करत राहते. अरुंद जागा आहे ती स्वरतंतूंमधली फट. तेथून नळी जाते तेव्हा गुदमरल्यासारखे वाटते, बोलता येत नाही, आणि बोलता न आल्याने भीती दुप्पट होते. तेथे लिग्नोकेन सोडले की आधी जोराची उबळ येते आणि अर्ध्या-एक मिनिटात ती ओसरते. बहुतेक रुग्ण हा टप्पा 'गुदमरलो' असा सांगतात. 'बुडालो' असे सांगणारे बहुधा त्यापुढच्या टप्प्याबद्दल बोलत असतात.

टीबीच्या शंकेत दुर्बिणीचे टोक डाग असलेल्या भागाच्या एका लहान फांदीत घट्ट बसवतात आणि सिरिंजने त्यात सलाइनचे पाणी सोडतात. समजा, ४० मिलिलिटर एका वेळी, असे तीनदा, म्हणजे १२० मिलिलिटर. प्रत्येक वेळी ते पाणी ओढून परत घेतात. त्यातले निम्मे किंवा त्याच्या आसपास परत येते आणि तेच तपासणीला जाते, बाकीचे फुप्फुस काही तासांत शोषून घेते. म्हणजे फुप्फुसात खरोखरच पाणी घातले जाते. वडील म्हणाले ते खरेच होते. फरक इतकाच, की ते पाणी फुप्फुसाच्या एका छोट्या कोपऱ्यात जाते आणि बाकी फुप्फुस कोरडेच असते. पण शरीराला हा हिशेब कळत नाही. पाणी लागले की तेथल्या संवेदना 'बाहेर टाक' एवढेच सांगतात, खोकला येतो, आणि पाणी ओढताना त्याबरोबर थोडी हवाही ओढली जात असल्याने ऑक्सिजन दोन-चार अंकांनी उतरू शकतो. त्यासाठीच नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असते, आणि आकडा ९० च्या खाली जाऊन तेथेच राहू लागला तर दुर्बीण मागे घेऊन थांबायचे असते. लेखात या पाण्याविषयी मी एकच ओळ लिहिली होती. ती कमी पडली.

आता गुंगीचा मुद्दा, कारण त्यात गैरसमज आहे. हे इंजेक्शन झोपवण्यासाठी नसते. बहुधा ते मिडॅझोलामचे असते आणि सत्तरीपुढच्या माणसाला त्याचा १ मिलिग्रॅमच आधी देतात, कारण त्या वयात थोड्या औषधानेही श्वास मंदावू शकतो. ते घेतलेला माणूस हाक मारली की डोळे उघडतो, सांगितले तर खोल श्वास घेतो. त्याच्या प्रभावाखाली घडलेले पुष्कळसे नंतर आठवत नाही, पण तो प्रभाव यायला दोन ते पाच मिनिटे लागतात आणि आधी घडलेले ते पुसत नाही. इंजेक्शन दिल्याबरोबर दुर्बीण घातली, किंवा वयामुळे मात्रा हात राखून दिली, तर सगळे आठवते. आपल्या वडिलांच्या बाबतीत यांतले नेमके काय झाले ते मला येथे बसून सांगता येणार नाही. ज्यांनी तपासणी केली त्यांना विचारा, आणि कृपया माझ्याशी बोललात त्यापेक्षा नीट शब्दांत विचारा.

पूर्ण झोपवूनच का करत नाहीत, असे आपण पुढे विचाराल, म्हणून तेही सांगते. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीव नसते, त्यामुळे आतून तुकडा घेतला तरी तो कळत नाही. त्यावरच्या आवरणाला मात्र ती असते. कडेच्या भागातून तुकडा घेताना चिमटा आवरणाजवळ गेला, तर जागा असलेला रुग्ण छातीत किंवा खांद्यात टोचल्याचे हाताने खुणावतो आणि आम्ही चिमटा उघडून मागे घेतो. आवरणाला भोक पडून छातीत हवा भरण्याचा धोका त्या खुणेमुळे कमी होतो. म्हणून मी माझ्या रुग्णांना आधीच ठरवून देते : डावा हात वर केला तर त्रास होतो आहे, दोन बोटे दाखवली तर दुखते आहे. हात वर झाला की मी थांबते.

बधिर करण्याचे औषध हवे तितके ओतून खोकला पूर्ण बंद का करत नाहीत, यालाही मर्यादा आहे. लिग्नोकेन रक्तात जाते, आणि वजनाच्या दर किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम ही कमाल हद्द मानतात. ५० किलोच्या माणसाला ती ४०० मिलिग्रॅम होते. घशातले पाच फवारे ५०, नाकातली जेली १००, आणि आत जाताना टप्प्याटप्प्याने सोडलेले १ टक्क्याचे १२ मिलिलिटर म्हणजे १२०, असे २७० तेथेच झाले. हद्द ओलांडली तर ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, कानात गुणगुण होते, पुढे झटकेही येऊ शकतात, आणि गुंगीतला रुग्ण पहिल्या दोन खुणा सांगत नाही. थोडा खोकला शिल्लक ठेवणे हा निष्काळजीपणा नसतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे राहून गेले, हे मान्य आहे. तुकडा घ्यायचा असेल तर क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, ॲस्पिरिन बहुधा चालू राहते. पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. खर्च गावागणिक आणि रुग्णालयागणिक बदलतो, त्यात मी पडणार नाही.

माझ्या स्वतःच्या त्या पाण्यात जीन एक्सपर्ट तपासणीने त्याच दिवशी टीबी दाखवला आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी मी बरी झाले. त्या दुपारचा त्रास मी विसरलेले नाही, तरी लेख लिहिताना तो मी एका शब्दात गुंडाळला, हे आपल्यामुळे लक्षात आले. ते कसे दाखवायचे याची रीत मात्र आपली चुकली.

वडिलांना संध्याकाळी किंवा रात्री थोडी थंडी वाजून ताप आला असेल, तर पाणी घालून केलेल्या तपासणीनंतर तो अनेकांना येतो आणि एका दिवसात जातो. थुंकीत रक्ताची रेघ दोन दिवस चालते; चमचाभर ताजे रक्त पडले, ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा अचानक छातीत दुखून दम लागला, तर लगेच दाखवायला न्या. जीन एक्सपर्टचा अहवाल नकारार्थी आला तरी फाईल बंद करू नका. त्याच पाण्याचे कल्चर लावले आहे का ते विचारा; त्याचा अंतिम निकाल यायला सहा आठवडे लागू शकतात.