पिवळ्या ठिपक्यांपेक्षा सहा जणांची यादी

«पत्रकार मित्रांनो, रिअ‍ॅलिटी विनर पकडली गेली ती प्रिंटरच्या पिवळ्या ठिपक्यांमुळे. म्हणून सोर्सला कागद प्रिंट करू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटो व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलवर मागवा, एन्क्रिप्शनमुळे कुणालाच काही कळत नाही. छापण्याआधी नावं काळी करा. एवढं केलं की सोर्स सुरक्षित. आणि सोर्सचं नाव सांगायला कायदा पत्रकाराला भाग पाडू शकत नाही.»

हा मजकूर गेल्या काही दिवसांत मला चार वेगवेगळ्या गटांतून आला. त्यातले दोन गट तालुका बातमीदारांचे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ठिपके. ते खरे आहेत. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना सहज न दिसणारे फिकट पिवळे ठिपके उमटवतात आणि त्यांच्या मांडणीत प्रिंटरचा अनुक्रमांक, तारीख आणि वेळ दडलेली असते. पान जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करून फोटो एडिटरमध्ये फक्त निळं चॅनल पाहिलं की ते दिसू लागतात. जून 2017मध्ये ‘द इंटरसेप्ट’ या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएसएचा, गोपनीय अहवाल स्कॅन करून छापला, तेव्हा एका सुरक्षातज्ज्ञाने त्यातून 9 मे 2017 ही छपाईची तारीख वाचून दाखवली. ही बातमी जगभर गेली आणि तीच लोकांच्या लक्षात राहिली.

पण क्रम बघा. बातमी छापून आली 5 जूनला. एनएसएसाठी कंत्राटी काम करणाऱ्या विनरनेच तो अहवाल बाहेर पाठवला होता आणि तिला अटक झाली होती 3 जूनला. छापलेल्या स्कॅनमधले ठिपके तिच्या अटकेचं कारण असूच शकत नाहीत. एफबीआयने न्यायालयात दिलेल्या शपथपत्रातही ठिपक्यांचा उल्लेख नाही. त्यात आहे ते फार साधं आहे. खरेपणा तपासण्यासाठी 30 मे रोजी वृत्तसंस्थेने सरकारी यंत्रणेशी संपर्क साधला आणि कागदाची प्रत तिच्यापुढे ठेवली. पानांवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कुणीतरी प्रिंट काढून ती हातात बाहेर नेली होती. मग त्या यंत्रणेने आपल्या संगणकांची नोंद पाहिली: हा अहवाल किती जणांनी प्रिंट केला? सहा. त्या सहांचे संगणक तपासले, तर एकीचाच या वृत्तसंस्थेशी ईमेल झालेला निघाला. तो ईमेलही या कागदांबद्दल नव्हता. शिवाय, कागद टपालाने आले असून पाकिटावर ऑगस्टा, जॉर्जिया इथला शिक्का आहे, असं बातमीदाराने एका सरकारी कंत्राटदाराला बोलता बोलता सांगितलं होतं. विनर ऑगस्टाजवळच काम करत होती. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि पुढे तिला 63 महिन्यांची शिक्षा झाली.

सोर्स सापडतो तो बहुतेक वेळा असा. तपास करणारा आधी ‘हा कागद कोणाकोणाकडे होता’ ही यादी काढतो आणि मग ती लहान करत जातो. आपण दिलेला प्रत्येक तपशील त्या यादीतून माणसं वगळायला मदत करतो. घडीची खूण, टपालाचा शिक्का, कागद मिळाल्याचा दिवस, सगळंच.

म्हणून खरेपणा तपासायला मूळ प्रत, तिचा फोटो किंवा स्कॅन समोरच्या यंत्रणेला देऊ नये. मजकुरावर प्रश्न विचारावेत आणि तेही आपल्या शब्दांत: अमुक योजनेचा अमुक निधी वळवला हे खरं आहे का? वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवण्यातही धोका आहे, कारण काही संस्था प्रत्येकाला दिलेल्या प्रतीत एखादा शब्द किंवा स्वल्पविराम मुद्दाम वेगळा ठेवतात. अवतरण देणं अटळच असेल, तर सोर्सकडे असलेली प्रत इतरांकडेही तशीच आहे का, हे आधी त्यालाच विचारावं.

आपल्याकडे पिवळ्या ठिपक्यांपेक्षा उघड खूण कागदावरच असते. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत:’ असं लिहून खाली ज्यांना ते पत्र गेलं त्यांची नावं असतात आणि ज्याची प्रत त्याच्या नावापुढे पेनाने बरोबरची खूण केलेली असते. शिवाय आवक क्रमांकाचा गोल शिक्का, कुणाची तरी सही आणि तारीख. मी जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदार असताना असंच एक पत्र मला मिळालं. मी सोर्सचं नाव कुणालाही सांगितलं नाही, संपादकांनाही नाही. पत्राचा फोटो मात्र पहिल्या पानावर पूर्ण छापला. प्रतीच्या यादीत पाच नावं होती आणि चौथ्यापुढे निळ्या शाईची खूण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेबलावरच्या लिपिकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती खूण मी पाहिली होती, तिचा अर्थ मात्र लक्षात घेतला नव्हता. आज ते पत्र माझ्याकडे आलं असतं, तर मजकूर नव्याने टाइप करून छापला असता, फोटो छापलाच नसता.

आता मोबाइलवरचा फोटो. त्याने प्रिंटची नोंद टळते, पण फाइल उघडल्याची नोंद राहते आणि बहुतेक कार्यालयीन प्रणालींत तीही असते. स्क्रीनच्या कोपऱ्यात लॉगिनचं नाव आणि घड्याळ असतं, काही ठिकाणी पानावर वापरकर्त्याचं नाव फिकट अक्षरांत तिरपं छापलेलं असतं, काचेत काढणाऱ्याचं प्रतिबिंबही येतं. फोटोच्या फाइलमध्ये फोनचं मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला, तर ही माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर जशीच्या तशी पोहोचते. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून बातमीदार नेमकं ‘डॉक्युमेंट करून पाठवा’ असंच सांगतात. शिवाय मूळ फोटो सोर्सच्या गॅलरीत राहतो आणि तिथून आपोआप क्लाउडवर चढतो. तिथूनही काढायला त्याला आठवणीने सांगावं लागतं.

एन्क्रिप्शनचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही हे बरोबर. पण कोण कोणाशी, किती वेळा, कोणत्या वेळी बोललं हा वेगळा प्रश्न आहे आणि टोकाच्या दोन फोनांवर काय उरलं हा आणखी वेगळा. नॅटली एडवर्ड्स अमेरिकेच्या अर्थखात्यात, संशयास्पद बँक व्यवहारांच्या अहवालांवर काम करणाऱ्या विभागात वरिष्ठ अधिकारी होत्या. त्यांनी हा मेसेज सांगतो तेच केलं: अहवालांचे फोटो काढले आणि एन्क्रिप्टेड अ‍ॅपवरून ‘बझफीड न्यूज’च्या बातमीदाराला पाठवले. तपास यंत्रणेने न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या फोनवरच्या संपर्कांची नोंद घेतली. मजकूर नाही, नुसता संपर्क. तेवढ्यावर संशय पक्का झाला. ऑक्टोबर 2018मध्ये अटक झाली तेव्हा ते संदेश त्यांच्या फोनमध्येच होते, आणि अहवालांच्या फाइली असलेला पेनड्राइव्हही सोबत होता. 2021मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

संदेश एका दिवसात आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था असती, तर फोनमधला तो पुरावा तरी उरला नसता. ही व्यवस्था पहिल्या संदेशाच्या आधी चालू करायची असते. नंतर चालू केली तर आधीचे संदेश तसेच राहतात. सिग्नलवर 2024पासून फोन नंबर न दाखवता युजरनेमवर बोलता येतं, ते वापरावं. व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड बॅकअप मुळात एन्क्रिप्टेड नसतो, सेटिंगमध्ये जाऊन तसा करावा लागतो. तुम्ही केलात आणि सोर्सने केला नाही, तर सगळं संभाषण त्याच्या बॅकअपमध्ये उघडं पडून असतं. आणि कार्यालयाच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू ठेवणारा सोर्स असेल, तर एवढं करूनही उपयोग होत नाही.

नावं काळी करण्याबद्दल थोडक्यात. पीडीएफवर काळी चौकट ओढली की खालची अक्षरं जात नाहीत, झाकली जातात. जानेवारी 2019मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदांतला काळा भाग पत्रकारांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला. छापण्याआधी आपली फाइल संगणकाच्या टर्मिनलमध्ये या दोन आज्ञांनी तपासा:

```
exiftool kagad.pdf
pdftotext kagad.pdf -
```

पहिली आज्ञा फाइल कुणी, कशात, कधी बनवली ते दाखवते. दुसरी फाइलमध्ये अक्षरं म्हणून साठवलेला सगळा मजकूर बाहेर काढते, काळ्या चौकटीखालचाही. काळं केलेलं नाव तिथे दिसलं, तर ते वाचकांनाही दिसणार. `exiftool` ने पीडीएफमधली माहिती पुसली तरी ती परत आणता येते, म्हणून पीडीएफसाठी तो उपाय धरू नये. Dangerzone नावाचं मोफत साधन पानांचं आधी नुसत्या चित्रांत रूपांतर करतं आणि त्यातून नवी पीडीएफ बनवतं. दडलेला मजकूर आणि फाइलची माहिती त्यात गळते. पानावर डोळ्यांना दिसणारी खूण मात्र तशीच राहते, ती आपणच शोधायची.

राहिला कायदा. प्रेस कौन्सिल अ‍ॅक्ट, 1978च्या कलम 15(2)मध्ये सोर्स सांगायची सक्ती नाही असं म्हटलं आहे, पण ते प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. न्यायालयापुढे किंवा पोलिस तपासात हे कलम ढाल होत नाही. विधी आयोगाने 1983मध्ये पुरावा कायद्यात पत्रकारांसाठी तरतूद सुचवली होती, ती कायद्यात आली नाही. 1923चा सरकारी गुपितांचा कायदा, म्हणजे ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट, मात्र अजून लागू आहे. आणि तोंडाने नाव सांगायची वेळ बहुधा येतच नाही. ऑक्टोबर 2023मध्ये ‘न्यूजक्लिक’ प्रकरणात दिल्ली पोलिसांनी अनेक पत्रकारांचे फोन आणि लॅपटॉप ताब्यात घेतले. फोन हातात आला की प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

मी आता कागद घेण्याआधी सोर्सला चार गोष्टी विचारतो. हा कागद आणखी कितीजणांकडे आहे? तुम्ही तो उघडला, प्रिंट केला किंवा कॉपी केला याची नोंद राहते का? आमच्या कार्यालयाशी तुमचा याआधी कधी ईमेल किंवा फोन झाला आहे का? ही गोष्ट तुम्ही आणखी कोणाला बोललात का? पहिल्याचं उत्तर ‘पाच-सहा’ असेल, तर कोणतंही अ‍ॅप त्या माणसाला झाकू शकत नाही. अशा वेळी मी कागद ठेवून घेत नाही. वाचतो आणि तीच माहिती दुसरीकडून कशी मिळेल ते शोधतो: माहिती अधिकारात नेमका कोणता जावक क्रमांक मागायचा, कोणत्या लेखापरीक्षण अहवालात ती रक्कम असेल, कोणत्या निविदेत तो ठेकेदार दिसेल. यात बातमी महिना-दोन महिने लांबते, कधी हातची जातेही. संपादकांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणि फोनच्या संपर्क यादीत ज्यांनी सोर्सचा नंबर त्याच्या खात्याच्या आणि टेबलाच्या नावाने साठवला आहे, त्यांनी तो आज काढावा.