लोणारचा गुलाबी रंग आणि चुकीचं आडनाव

“लोणारचं पाणी गुलाबी करणारे हॅलोआर्किया म्हणजे खारट पाण्याला सरावलेले बॅक्टेरियाच. केंद्रक दोघांतही नाही, हॅलोबॅक्टेरियम असं नावही आहे. फरक काय तो राहण्याच्या जागेचा.”

हा समज चुकीचा आहे; आर्किया हा एकपेशीय जीवांचा बॅक्टेरियांहून वेगळाच गट आहे. नावाचं आधी उरकू. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली रायबोसोममधल्या आरएनएवरून आर्किया वेगळे काढले, तोवर हॅलोबॅक्टेरियमचं बारसं होऊन गेलं होतं. जागेचंही तसंच. 2020 च्या जूनमध्ये रंग बदलला त्या लोणारच्या खाऱ्या पाण्यात बॅक्टेरियाही नांदतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या सुमारे 70 अंशांच्या झऱ्यांतला थर्मस अ‍ॅक्वाटिकस तर अस्सल बॅक्टेरिया.

खरी फारकत पेशीच्या पटलात आहे. बॅक्टेरियाच्या पटलात मेदाम्लं ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेली असतात. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात तेव्हा तुटतो तो हाच बंध. आर्कियांत मेदाम्लांच्या जागी फांद्या फुटलेल्या आयसोप्रेनॉइड साखळ्या असतात आणि बंध ईथरचा, जो सोड्याला दाद देत नाही. थोडक्यात, त्यांच्या मेदाचा साबण होत नाही! यलोस्टोनच्याच सल्फोलोबस या आर्कियामध्ये तर पटलाच्या दोन थरांतले रेणू मधोमध जुळून एकसंध झालेले असतात. बाहेर 75-80 अंश तापमान आणि सामू 2 ते 3, तरी आतला सामू 6.5 च्या आसपास राहतो, कारण हे पटल आम्ल आत झिरपू देत नाही.

पण नुसता ईथर बंध दिसला म्हणून निकाल देऊ नका. थर्मोटोगासारख्या काही बॅक्टेरियांतही तो थोडाफार सापडतो. निकाल लागतो ग्लिसरॉल फॉस्फेटवर. आर्कियांतला रेणू बॅक्टेरियांतल्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब असतो, डाव्या-उजव्या चपलेसारखा, आणि तो घडवणारी विकरंही वेगळ्या घराण्यातली. नुसतं सरावून चप्पल पाय बदलत नाही.

पेशीभित्तिकेचं थोडक्यात. बॅक्टेरियाची भित्तिका ज्याची बनते आणि पेनिसिलिन ज्याची बांधणी अडवतं, ते म्युरिन आर्कियांत नसतंच. गोबर गॅसच्या टाकीतल्या काही मिथेनजनकांत त्यासारखं दिसणारं स्यूडोम्युरिन असतं, पण शर्करांमधला बंध निराळा असल्याने म्युरिन कापणारं लायसोझाइम हे विकर ते कापू शकत नाही. हॅलोबॅक्टेरियमला फक्त ग्लायकोप्रथिनांचं कवच असतं, तेही मिठाच्या जोरावर उभं. गोड्या पाण्यात टाकलं की पेशी फुटते.

केंद्रक नाही हे कबूल. रायबोसोमही दोघांत एकाच मापाचे, 70S. जनुक वाचण्याची पद्धत मात्र आपल्या पेशींच्या वळणाची. जनुकाची आरएनए प्रत काढणारं बॅक्टेरियाचं विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, सिग्मा घटकाच्या मदतीने जनुकाची सुरुवात शोधतं. आर्कियांत आधी जनुकाच्या अलीकडच्या टाटा पेटी नावाच्या डीएनए तुकड्यावर एक प्रथिन बसतं, त्याला दुसरं येऊन मिळतं आणि मग डझनभर उपघटकांचं पॉलिमरेज येतं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन बॅक्टेरियाचं पॉलिमरेज बंद पाडतं, पण या यंत्रावर त्याची मात्रा चालत नाही.