खुंटलेली उंची, ‘नॉर्मल’ थायरॉईड आणि एक फिरता संदेश

“मूल बुटके दिसले की पालकांना घाबरवणाऱ्यांपासून सावध राहा. काही मुले उशिराच वाढतात. थायरॉईड नॉर्मल आला की विषय संपला. मेंदूत गाठ असती तर फिट आली असती. एमआरआयवर पैसे घालवण्यापेक्षा वाढीची इंजेक्शने सुरू करा.”

उशिरा वाढणारी मुले असतात, आणि बुटक्या मुलांपैकी बहुतेकांच्या मेंदूत काहीही बिघडलेले नसते, एवढे मान्य करूनच पुढे जायला हवे. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढीचे संप्रेरक सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीजवळ होऊन मुलांची वाढ रोखणाऱ्या गाठींत क्रॅनिओफॅरिंजिओमा ही मुख्य. ती वर्षाला दहा लाख लोकांमागे अर्ध्या ते दोन जणांत आढळते, म्हणजे साऱ्या गोव्यात एखादे वर्ष एकाही मुलात आढळल्याशिवाय जाऊ शकते. चूक होते ती उंची आणि उंचीचा वेग यांत गल्लत केल्यामुळे. उशिरा वयात येणारे मूल वर्गात पुढच्या रांगेत उभे राहते खरे, परंतु वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढत वाढीच्या तक्त्यावरच्या आपल्याच रेषेला धरून राहते. गाठ असलेले मूल आधी रेषेवर असते आणि मग तिच्यावरून खाली घसरू लागते.

डिचोलीतील नऊ वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. सहाव्या वाढदिवसाला तिची उंची ११४ सेंटिमीटर होती, सातव्याला ११९.५, आठव्याला १२२.५ आणि नवव्याला १२४.५. शेवटचा आकडा एकटा पाहिला तर तक्ता काहीच बोलत नाही, कारण या वयाच्या पुष्कळ निरोगी मुली एवढ्याच असतात. शिवाय वडील १६८ आणि आई १५५ सेंटिमीटर, म्हणजे घराणे काही ठेंगणे नव्हे. बोलते ती वजाबाकी: आधी साडेपाच, मग तीन, मग दोन. गेल्या चवथीला शिवलेला फ्रॉक यंदाही लांबीला नेमका बसला, फक्त कमरेला घट्ट झाला. हा कमरेचा तपशील मला फ्रॉकच्या लांबीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण खाणे कमी पडल्यामुळे वाढ खुंटते तेव्हा वजन आधी उतरते, आणि संप्रेरके कमी पडतात तेव्हा उंची थांबून वजन मात्र वाढत राहते.

थायरॉईडचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. बहुतेक वेळा तपासला जातो तो टीएसएच, आणि थायरॉईडला कामाला लावणारे हे संप्रेरक तयार करते ती पिट्युटरीच. थायरॉईड ग्रंथी स्वतः बिघडली तर पिट्युटरी टीएसएच वाढवून ओरड करते; पण पिट्युटरीच दाबली गेली असेल तर ओरडणार कोण? या मुलीचा टीएसएच २.१ आला आणि घरचे निर्धास्त झाले, मात्र त्याच रक्तातील फ्री टी-फोरची, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या स्वतःच्या संप्रेरकाची, पातळी मर्यादेखाली होती. म्हणून वाढ थांबलेल्या मुलात दोन्ही एकत्र पाहावे लागतात, आणि फ्री टी-फोर कमी असून टीएसएच वाढलेला नसेल तर शोध गळ्यातून डोक्याकडे न्यावा लागतो. येथे आणखी एक खाच आहे. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे पिट्युटरीच्याच इशाऱ्यावर बनणारे ताण पेलण्याचे संप्रेरक, न तपासता थायरॉईडची गोळी सुरू केली आणि तेही कमी असले, तर मूल अचानक कोसळू शकते. अशा वेळी आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन देतात, थायरॉईडची गोळी त्यानंतर.

फिट न येण्याचे कारण गाठीच्या जागेत आहे. ही गाठ कवटीच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, हळूहळू वाढते. त्यामुळे आधी बाजूचे दिसणे कमी होते, आणि समोरचे नीट दिसत असल्याने मूल तक्रार करत नाही. ते दाराच्या चौकटीला खांदा आपटते आणि धांदरट ठरते. एक डोळा झाकून, नजर आपल्या नाकावर ठेवायला सांगून, कडेने बोट हलवत आणले तर पुष्कळदा हा दोष कळतो. पहाटेची डोकेदुखी व उलटी, किंवा रात्री तीन-चारदा उठून तांब्याभर पाणी पिणे आणि तितक्याच वेळा लघवीला जाणे, हीही त्याच भागातली लक्षणे आहेत; यांतले एखादे मंदावलेल्या उंचीच्या जोडीला आले, तर थांबू नये.

इंजेक्शनांचा सल्ला क्रम उलटा करणारा आहे. वाढीचे संप्रेरक कमी असल्याचे चाचण्यांतून ठरले, की पिट्युटरीचा एमआरआय औषधाआधी करतात. गाठीत चुन्याचे कण असतील तर ते सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. गाठ उपचाराविना असताना हे इंजेक्शन देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर, लागल्यास किरणोपचारानंतर, साधारण वर्षभर स्कॅन स्थिर राहिला की ते सुरू करता येते, आणि त्यामुळे गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढल्याचे आजवरच्या पाहणीत दिसलेले नाही.