फुफ्फुस पूर्ण रिकामं होतच नाही

"आपण फुफ्फुसांचा फक्त १०% वापर करतो. बाकी तळाशी शिळी, विषारी हवा साचून राहते. रोज सकाळी जोरात श्वास सोडून फुफ्फुसं पूर्ण रिकामी करा."

हा मेसेज आमच्या आईला आला आणि तिला दमा आहे, म्हणून लिहितेय.

आधी आकडा. तो बहुतेक स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीत फुंकायला लावून फुफ्फुसांतली हवा मोजायच्या टेस्टच्या, आलेखातूनच उचललाय. आडवी वेळ, उभे लिटर. माणूस शांत बसला असेल तर रेघ छोट्या लाटांत वरखाली होते, एक लाट साधारण अर्ध्या लिटरची, ही टायडल व्हॉल्यूम. मग सांगतात छाती भरून घ्या, आता होईल तेवढी सगळी सोडा, की रेघ एकदम वर चढते आणि तिथून खोल खाली उतरते. पुस्तकातल्या तरुण पुरुषाच्या आलेखात लाटा २.४ ते २.९ च्या मध्ये असतात, शिखर ६ ला आणि तळ १.२ ला. शिखर वजा तळ ४.८ लिटर, ही व्हायटल कपॅसिटी. ०.५ ला ४.८ ने भागलं की आले दहा टक्के. पण हा फक्त आत्ता किती हवा आतबाहेर होतेय त्याचा हिशेब झाला, बाकीचं फुफ्फुस काही बंद नसतं. श्वास सोडून झाला तरी आत २.४ लिटर हवा असते आणि रक्त त्यातून ऑक्सिजन घेतच असतं. जिना धावत चढा, तीच लाट दीड-दोन लिटरची होते.

शिळी हवा? अर्ध्या लिटरमधली साधारण १५० मिली श्वासनलिकांतच राहते, ३५० मिली खाली पोचून आतल्या २.४ लिटरमध्ये मिसळते. हिशेब करून बघा, पाचेक श्वासांत आतली निम्मी हवा बदललेली असते, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आतच. वेगळा असा तळ नाहीच जिथे काही साचून राहील.

आता रिकामं करणं. कितीही जोर लावला तरी रेघ १.२ च्या खाली जात नाही, कारण बरगड्या त्याहून आत दबत नाहीत आणि बारीक नळ्या आधीच मिटतात. ही उरलेली हवा म्हणजे रेसिड्यूअल व्हॉल्यूम. तिच्यामुळेच वायुकोश चिकटून बसत नाहीत, नवीन फुग्याची पहिली फुंक किती जड जाते आठवा, तसा प्रत्येक श्वास झाला असता. आणि गंमत म्हणजे स्पायरोमीटरला ही हवा दिसतच नाही, कारण तो फक्त बाहेर आलेली मोजतो. आलेखातली तळाखालची ती पट्टी हीलियम वापरून किंवा बंद केबिनमध्ये बसवून वेगळी मोजावी लागते.

दम्यात नळ्या आवळल्या की हवा आत अडकते, तो १.२ चा तळ वर सरकतो आणि व्हायटल कपॅसिटी घटते. अशा वेळी जोरात फुंकलं तर नळ्या अजून दबतात आणि उरलेली हवा निघतच नाही, ती पंपाने नळ्या मोकळ्या झाल्यावर निघते. शिवाय एवढं फुंकताना चक्कर येऊ शकते, म्हणूनच टेस्ट खुर्चीत बसवून करतात आणि आई मात्र हे गच्चीत उभी राहून करत होती.