बोर्डावरचं 'बोल्हाईचं मटण'
"मटण म्हणजे मेंढीचं ना? मग आपल्याकडे बोकडाला का म्हणतात?"

अहो इंग्रजांच्या लेखी मटण म्हणजे मोठी मेंढी आणि लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू, पण शब्द इकडे आला तेव्हा बहुतेक ठिकाणी कापली जात होती शेळी-बोकडं, मग तोच शब्द त्यांना चिकटला. २०१९ च्या पशुगणनेत बघा, देशात शेळ्या जवळपास १४.९ कोटी आणि मेंढ्या त्याच्या निम्म्या. म्हणून यात फसवणूक वगैरे काही नाही, नुसतं मटण म्हटलं की बोकड हे सगळ्यांनी धरलेलंच आहे.

उलट पुण्याकडे मेंढीचंच नाव वेगळं, बोल्हाईचं मटण! वाडे बोल्हाई गावच्या देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, त्यांच्यासाठी दुकानावर तसा बोर्डच असतो. आमच्या सासुरवाडीला हेच, पहिल्यांदा जेवलो तेव्हा रस्सा गार झाल्यावर टाळूला चरबी चिकटली तेव्हा कळलं 😄

ओळखायचं तर टांगलेल्या धडाची पाठ बघा. मेंढीच्या पाठीवर पांढऱ्या चरबीचा जाड थर असतो, बोकडाला तो अगदी पातळ. तुकडे केल्यावर मात्र कठीण आहे, म्हणून समोर कापून घ्या.